तिसरा रकाना

माझ्याकडे एक वही आहे. साधी, दोनशे पानी, फुलस्केप. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने आहेत. पहिल्यात मी मास्तरांना काय विचारलं, दुसऱ्यात ते काय म्हणाले, आणि तिसऱ्यात त्याचं पुढं काय झालं. गेल्या सहा वर्षांत मला धंद्यातलं जे काही समजलं ते बहुतेक या वहीत आहे. जाणत्या माणसाकडून शिकायचं कसं आणि ते नातं टिकवायचं कसं, असं मला कुणी विचारलं की मी तिसरा रकाना उघडून दाखवते.

२०१९च्या जानेवारीत, गड्डा यात्रा संपली त्याच आठवड्यात, मी पुण्याची नोकरी सोडून सोलापूरला परत आले. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. अक्कलकोट रोडला आमचे आठ माग, टर्किश टॉवेलचे. मी बी.कॉम. हिशेब मला येत होता, पण माग चालू असताना त्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हेही धड ठाऊक नव्हतं. वडिलांची वाचा गेली होती. डोळ्यांत सगळं होतं, पण सांगता येत नव्हतं.

तेव्हा मला कुणीतरी हवं होतं. 'गुरू' म्हणावं असं मनात नव्हतं, कारण त्या शब्दात पायाशी बसणं आलं, शंका न काढणं आलं. 'मार्गदर्शक' म्हटलं की व्यासपीठ आणि शाल-श्रीफळ डोळ्यांपुढं येतं. मला फक्त असं माणूस हवं होतं ज्यानं हेच काम हातानं केलंय आणि जे माझा प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेईल.

तीन नावं डोक्यात होती. एक वडिलांच्या ओळखीतले मोठे कारखानदार, ज्यांचा माल परदेशी जातो. दुसरा माझ्या मैत्रिणीचा भाऊ, वस्त्र अभियांत्रिकी शिकवणारा. तिसरे मास्तर. पूर्व भागात दाजी पेठेजवळ राहतात, घरात तेलुगू बोलतात आणि बाहेर आपली सोलापुरी मराठी. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये उमेदवारी केलेले, पुढं तीस वर्षं खासगी कारखान्यांत वीव्हिंग मास्तर. आता निवृत्त. वडिलांचे माग त्यांनीच एकदा बसवून दिले होते, एवढीच ओळख.

कुणाकडे जायचं हे मी विचार करून ठरवलं नाही. तिघांनाही एकच लहानसा प्रश्न विचारला: आमचे टॉवेल वजनात हलके येतात, कशामुळे असेल? कारखानदारांनी मला बसवून घेतलं, चहा पाजला, स्वतः शून्यातून कसं उभं केलं ते प्रेमानं सांगितलं आणि 'धीर सोडू नकोस' म्हणाले. अभियंत्यानं त्याच रात्री एक मोठं प्रकरण पाठवलं, त्यातलं मला तेव्हा दोन ओळींपलीकडं कळलं नाही. मास्तरांनी उत्तरच दिलं नाही. त्यांनी उलट विचारलं, "कुठला माग? बीम भरल्यावरचा टॉवेल का संपत आल्यावरचा? आणि हलका म्हणजे किती, मोजलास का?"

मला यातलं एकही सांगता आलं नाही. पण घरी येताना रिक्षातच ठरलं की यांच्याकडेच जायचं. ज्याला उलटा प्रश्न पडतो त्याच्या डोक्यात तुमची अडचण शिरलेली असते. आणखी एक गोष्ट तेव्हा नुसती जाणवली होती, कळली नंतर. मोठ्या कारखानदारांचा आणि आमचा गिऱ्हाईक एकाच बाजारातला. ते कितीही भले असले तरी माझी पार्टी कोण आणि भाव काय हे मी त्यांच्यापुढं मोकळेपणानं ठेवू शकले नसते, आणि त्यांनाही ते ऐकणं अवघड गेलं असतं. मास्तरांचं माझ्या नफ्यातोट्यात काही अडकलेलं नव्हतं. आकडे उघडे करता येत नसतील तर सल्ला वरवरचाच मिळतो.

जायचं कसं, हा प्रश्न मला पुरुषापेक्षा जरा वेगळा होता. धंद्यातली मुलं अशा माणसाला कन्ना चौकात टपरीवर गाठतात, दोन कप चहावर कामं होऊन जातात. मला ते जमणारं नव्हतं. मी आधी काकूंना फोन केला आणि विचारलं की रविवारी चारला येऊ का, एकच काम आहे, अर्ध्या तासात निघेन. वेळ सांगितली, काम सांगितलं, आणि निघायचं कधी तेही सांगितलं. यातलं शेवटचं सगळ्यात उपयोगी पडलं असं आता वाटतं. निवृत्त माणसाकडे वेळ असतो हे खरं, पण उठणार कधी हे माहीत नसलेला पाहुणा त्यालाही जड जातो.

आणि मी 'मला शिकवाल का' असं विचारलं नाही. असं विचारलं की समोरच्याला एका दमात वर्षानुवर्षांचा होकार द्यावा लागतो. भला माणूस 'बघू' म्हणतो आणि ते तिथंच राहतं. मी एक प्रश्न आणि एक कागद घेऊन गेले.

त्या कागदावर आकडे होते. आठ दिवस मी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा कारखान्यात नेऊन ठेवला होता. आमचा टॉवेल तीस बाय साठ इंची, पार्टीला ४५० जीएसएम पाहिजे, चौरस मीटरला ४५० ग्रॅम. म्हणजे क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर आणि वजन साधारण ५२२ ग्रॅम. पाच टक्के कमी चालेल असं बोलणं झालेलं, म्हणजे ४९६च्या खाली गेलं की माल परत. मी एकाच मागावरचे टॉवेल ओळीनं मोजले, बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, भरल्यापासून संपेपर्यंत. सुरुवातीला ५२०, ५२३, ५१९. मध्ये पाचशेच्या आसपास. शेवटी शेवटी ४८५.

मास्तरांनी चष्मा लावला, कागदावर बोट फिरवत खाली आले आणि ४८५वर थांबले. "हे बघ की. तुझा माग चांगला आहे. तुझं वजन चुकतंय."

टर्किश टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात. खालचा ताणा ताठ, त्याचं कापड बनतं. वरचा पाईलचा ताणा सैल, त्याचे लूप बनतात. बाण्याचे दोन धागे फणी जरा लांबच ठेवते, तिसऱ्याला पूर्ण पुढं येऊन ठोकते, आणि तीनही धागे ताठ ताण्यावरून सरकत पुढं जाताना सैल ताण्याला सोबत घेऊन जातात. त्याचीच कमान उभी राहते, ती म्हणजे लूप. आता पाईलचा बीम किती सैल सुटावा हे आमच्या जुन्या मागांवर दोरीनं ठरतं. बीमच्या टोकाला दोरीचे वेढे, दोरी एका दांडीला, आणि दांडीवर वजनं. बीम भरलेला असताना सूत मोठ्या घेराच्या काठावरून सुटतं, म्हणून ते सहज ओढलं जातं. सूत संपत जातं तसा घेर लहान होतो, पण वजनं तेवढीच राहिली की ओढ वाढत जाते. ओढ वाढली की लूप बुटका आणि टॉवेल हलका.

"बीम निम्मा झाला की एक वजन काढायचं," मास्तर म्हणाले. "तुझ्या वडिलांना हे सांगावं लागत नव्हतं. कामगारांना सांगणारं कुणी राहिलं नाही, म्हणून वजनं तशीच राहिली."

मी उठले तेव्हा चार-पस्तीस झाले होते. त्यांनी 'पुन्हा ये' म्हटलं नाही. मीच विचारलं, "करून बघते आणि काय झालं ते सांगायला येऊ का?" ते म्हणाले, "ये की."

पुढची सहा वर्षं या 'ये की'वर उभी आहेत. सल्ला घेणारे पुष्कळ असतात, पण त्याचं पुढं काय झालं हे सांगायला फारच थोडे परत येतात. मास्तरांनीच एकदा सांगितलं होतं की तीस वर्षांत त्यांनी शंभरेक जणांना काही ना काही सांगितलं असेल, पण त्यातलं काय चाललं आणि काय फसलं हे त्यांना कधी कळलंच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. जाणत्या माणसाला तुमच्या आभारांपेक्षा हा आवाज जास्त हवा असतो, कारण त्यावरूनच त्याला कळतं की आपलं ज्ञान अजून खरं आहे का.

मी महिन्यानं कागद घेऊन गेले. सुधारणा झाली होती, पण पुरी नाही. शेवटचे बरेच टॉवेल अजून ४९०च्या खाली येत होते. मला वाटलं, मास्तर म्हणतील की पोरांनी नीट केलं नसेल. पण ते गप्प झाले. मग म्हणाले, "निम्मा म्हणजे पोरं काय समजतात?"

मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन उभी राहिले. भरलेल्या बीमचा व्यास पन्नास सेंटिमीटर, आतली नळी पंधराची. कामगार निम्मा म्हणजे व्यास निम्मा धरत होते, पंचवीस झाला की वजन काढत होते. पण घेर लहान होत जातो तसं प्रत्येक थरात सूत कमी बसतं. हिशेब केला तेव्हा दिसलं की व्यास पंचवीसवर येतो तोवर पाचातले चार भाग सूत संपलेलं असतं. खरं निम्मं सूत व्यास सदतीसच्या आसपास असतानाच गेलेलं असतं. मास्तरांच्या डोळ्याला निम्मा म्हणजे तो सदतीसचा बीम. त्यांनी व्यास कधी मोजलाच नव्हता, त्यांची नजरच सूत मोजत होती. शब्द एकच होता, आणि त्याचे अर्थ दोन निघाले.

मग मी एक तक्ता केला. पन्नासला दहा किलो असेल तर चाळीसला आठ आणि तीसला सहा. व्यास जितका उतरेल त्याच प्रमाणात वजन. प्रत्येक मागाजवळ पत्र्याची पट्टी लावली, पाच-पाच सेंटिमीटरवर रंग दिला आणि रंगापुढं वजन लिहिलं. बीम संपेपर्यंतचे टॉवेल ५१०च्या वर राहू लागले.

तो तक्ता मास्तरांपुढं ठेवला तो रविवार मला अजून दिसतो. त्यांनी तो दोनदा वाचला, मग काकूंना हाक मारून तेलुगूत काहीतरी सांगितलं. काकू हसून म्हणाल्या, "म्हणतायत, चाळीस वर्षं हातात होतं ते आज कागदावर आलं." मी काहीतरी घ्यायला गेले होते आणि काहीतरी देऊन आले, हे मला तेव्हाच नीट समजलं. त्यांना फळांची पिशवी नको होती, दिवाळीचा फराळ नको होता (तो दिलाच, पण ती गोष्ट वेगळी). आपल्या हातातलं कुणीतरी तपासून आपल्याकडं परत आणावं, हे त्यांना हवं होतं.

त्यानंतर महिन्यातला पहिला रविवार ठरून गेला. चार ते पाच. मी एक किंवा दोनच प्रश्न नेत असे, आणि प्रश्न निर्णयाचा असे. 'धंदा कसा वाढवू' असं कधी नाही. 'वीस काउंटचं सूत घेऊ की दुहेरी वीस, हे दोन नमुने, हा दोन्हीचा हिशेब, मला दुहेरी बरं वाटतं कारण हे' असं. स्वतःचं मत आधी मांडलं की समोरच्याला खोडायला काहीतरी मिळतं. रिकाम्या हातानं गेलात तर तो सावध, सगळ्यांना लागू पडेल असं बोलतो.

पैशाचंही एक सांगते, कारण यात नाती बिघडतात. सल्ल्याचे त्यांनी कधी घेतले नसते आणि मी विचारलेही नाहीत. पण दुसऱ्या वर्षी दोन माग नव्यानं बसवायचे होते, तेव्हा ते चार दिवस शेडमध्ये उभे राहिले. ते काम होतं. मी आधीच सांगितलं, "मास्तर, रविवारचं वेगळं, हे वेगळं," आणि बाहेरच्या मिस्त्रीला दिले असते तेवढे दिले. त्यांनी मोजून घेतले. घेतले म्हणून पुढच्या वेळी बोलवायला मला संकोच वाटला नाही, आणि यायला त्यांनाही.

चूक झाली ती उधारीत, आणि ती अगदी लवकर झाली. ओळख होऊन सातच महिने झाले होते. मला एका सूतवाल्याकडून तीस दिवसांची उधारी हवी होती आणि तो नव्या माणसाला देत नव्हता. मी मास्तरांना म्हटलं, एक शब्द टाका ना. त्यांनी लगेच टाकला. माझ्या पार्टीकडून पैसे उशिरा आले आणि माझे अकरा दिवस पुढं गेले. सूतवाल्यानं मला फोन केलाच नाही, त्यानं मास्तरांना केला. दोनदा.

मला ते दोन महिन्यांनी काकूंच्या तोंडून कळलं. मधल्या दोन रविवारी मास्तर नेहमीसारखे बोलले होते, पण उलटे प्रश्न विचारले नव्हते. मी म्हणेन त्याला 'कर की' म्हणत होते. मी ते दमणूक समजले होते. आज मी याच खुणेवर लक्ष ठेवते. माणूस रागावला तर नातं जिवंत असतं. तो उलटं विचारायचा थांबला की समजावं, कुठंतरी काहीतरी मोडलंय.

मी गेले आणि सरळ बोलले. सूतवाल्याच्या पावतीची प्रत पुढं ठेवली. माफी मागितली, पण कारणं सांगत बसले नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "पैसे तुझे होते पोरी, नाव माझं होतं." सल्ला दिला तर माणसाचं काही खर्च होत नाही. शब्द टाकला तर खर्च होतं, आणि ते त्यानं आयुष्यभर साठवलेलं असतं. त्यानंतर मी दोन वर्षं त्यांच्याकडं एकही ओळख मागितली नाही. पुढं त्यांनी आपणहून करून दिल्या त्या प्रत्येक ठिकाणचं बरंवाईट मी त्याच दिवशी कळवलं, दुसऱ्याकडून कळायच्या आत.

२०२०मध्ये माग बंद होते तेव्हा रविवार फोनवर गेले. विचारण्यासारखं काही नव्हतं, तरी फोन होत होते. त्या महिन्यांत त्यांनी मला मिलमधल्या गोष्टी सांगितल्या, जॉबर, म्हणजे मुकादम, कसे निवडायचे, कुणाला कुठल्या खात्यात घालायचे. माझ्या वहीत त्याची चार पानं आहेत आणि तिसरा रकाना नाही.

सल्ला ऐकायचाच असतो का? तिसऱ्या वर्षी मी दोन वापरलेले बिनधोट्याचे माग घ्यायचं ठरवलं. मास्तर विरोधात होते. त्यांच्या मते ते बिघडले तर सोलापुरात हात लावणारा माणूस वेळेला मिळणार नाही. मी खूप विचार करून घ्यायचं ठरवलं, आणि बयाणा देण्याच्या आदल्या दिवशी जाऊन सांगितलं की मी तुमचं ऐकत नाहीये, आणि का ते. आधी सांगणं महत्त्वाचं होतं. नंतर सांगितलं असतं तर ती नुसती बातमी झाली असती. पहिल्या सहा महिन्यांत माग तीनदा बंद पडले, एकदा तर सलग नऊ दिवस. मास्तरांचं म्हणणं खरं ठरलं, तेही मी जाऊन सांगितलं. आता ते बरे चालतात, तेही सांगितलं. दोन्ही तिसऱ्या रकान्यात आहे.

चौथ्या वर्षी वेगळंच झालं. माझे प्रश्न बदलले होते. बँकेचं कॅश क्रेडिट, जीएसटीचा अडकलेला परतावा, बाहेरच्या राज्यातली पार्टी. यातलं मास्तरांना काही ठाऊक नव्हतं. त्यासाठी मी दुसऱ्यांकडं जाऊ लागले. गंमत म्हणजे ते मोठं प्रकरण पाठवणारे अभियंते आता फार कामाला येत होते, कारण आता मला त्यांची भाषा कळत होती. तरी मास्तरांचे रविवार सोडवत नव्हते. मी प्रश्न जमवून न्यायला लागले. एकदा त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "हा प्रश्न तुला खरंच पडलाय, का मला वाईट वाटू नये म्हणून आणलास?"

मी रडले. त्यांनी पाणी दिलं.

त्यानंतर मी या विषयावर थोडं वाचलं. कॅथी क्रॅम या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८३ साली एका कंपनीतल्या अशा अठरा जोड्यांचा अभ्यास करून लिहिलं होतं की या नात्याला चार टप्पे असतात. सुरुवातीचे सहा महिने ते वर्ष, मग दोन ते पाच वर्षं भराची, मग वेगळं होणं, आणि मग नातं नव्या रूपात उभं राहणं. वेगळं होणं हे बिघाड नसून टप्पा आहे, हे वाचून मला फार हलकं वाटलं. आमचं वेळापत्रकसुद्धा तिच्या टप्प्यांशी जुळत होतं. मी इतके दिवस ज्याला कृतघ्नपणा समजत होते, ते शिकणं पुरं होत आल्याचं लक्षण होतं. मात्र तिचे सगळे लोक नोकरीतले होते, तिथं बदली होते, बढती होते, वेगळं व्हायला निमित्त मिळतं. आमच्यासारख्या गल्लीतल्या नात्यात ते निमित्त आपणच बोलून तयार करावं लागतं.

आम्ही बोललो. दर महिन्याचे रविवार बंद केले. आता तीन महिन्यांतून एकदा जाते, आणि खरं काही पडलं तर मधे कधीही. प्रश्न नसेल तरी जाते, पण वही नेत नाही, म्हणजे दोघांनाही कळतं की आज नुसतं बसायचंय. काकू कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढं करतात. कधी कधी मास्तरच विचारतात. त्यांच्या पुतण्याला तक्ता हवा होता, पण त्याच्या बीमची नळी वीसची, मग माझे आकडे चालतील का? मी म्हटलं प्रमाण तेच चालेल, फक्त निम्मं सूत कुठं येतं ते नव्यानं काढावं लागेल. आम्ही दोघांनी बसून काढलं, अडतीसच्या आसपास आलं.

आता मे चालू आहे. बाहेर बेचाळीस डिग्री, हवा कोरडी, शेडमध्ये दुपारी दोननंतर ताण्याचे धागे पटापट तुटतात. मी पाणी मारलेली पोती लटकवली आहेत, फरशी दोनदा ओली करते, आणि तासाला किती धागे तुटले ते फळ्यावर लिहायला लावलंय. पोती बांधल्यावर दोन मागांवर आकडा उतरला, उरलेल्या मागांवर नाही. का, ते कळत नाहीये. ते दोन माग पश्चिमेच्या भिंतीला आहेत, एवढाच फरक मला दिसतो, पण पश्चिमेला तर ऊन जास्त.

पहिल्या रकान्यात लिहून ठेवलंय, खाली आकडे चिकटवलेत. काकूंना फोन केला, रविवारी चारला येते म्हटलं. त्या म्हणाल्या, "वही घेऊन का तशीच?"

"वही घेऊन," मी म्हटलं.